निळ्या दिव्याखाली हळदीची फडकी

गुलाबसिंग राठोडवर कुणीतरी लिहायला हवं, असं आमच्या नाट्यमंडळात ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी किन्हीराजाच्या टपाल कार्यालयात नोकरी केली, म्हणजे मला लिहिता येत असणार, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात मी आयुष्यभर इतरांनी लिहिलेली पत्रं वाटली. मंडळातही माझं काम विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगण्याचं, तीही दुसऱ्याचीच. पण कारंजाच्या त्या दुपारी गुलाबसिंगच्या शेजारी मीच उभा होतो, त्यामुळे जमेल तसं लिहितो.

गुलाबसिंग आमच्या गावाजवळच्या तांड्यावरचा. वय माझ्याएवढंच, सत्तरीला टेकलेलं. तरुणपणी तो दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. एका वर्षी तिकडच्या फडावर संध्याकाळी पोरांना वाटायला कुणीतरी गोळ्या आणल्या. गोळ्या पोरांनी खाल्ल्या आणि रंगीत पन्न्या गुलाबसिंगने गोळा केल्या. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून तो बॅटरीच्या काचेवर एकेक पन्नी लावून पाहू लागला. पिवळी लावली की कुडाची भिंत पिवळी, निळी लावली की निळी. दोन्ही एकावर एक धरल्या, तर भिंत हिरवीगार झाली. त्याची बायको रुपाबाई अजून सांगते, "दिवसभर ऊस तोडून आमचे हात गेलते, अन् हा माणूस म्हने, उठ वं, पाह्य, भिताडावर गवत उगोलं."

गावी परत आल्यावर त्याने तेलाच्या पत्र्याच्या डब्यांचे दिवे केले. डब्याचं एक तोंड कापायचं, आत हॅलोजनची नळी बसवायची आणि तोंडावर जिलेटीनचा रंगीत कागद सरकवायला पत्र्याची खाच करायची. आमचं नाटक दर वर्षी पेरणीच्या आधी व्हायचं. तांड्यातल्या बाया श्रमदानाने विहीर खोदतात, अशी त्याची गोष्ट. शेवटी पाणी लागतं आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर हिरवा उजेड पडतो, म्हणजे शिवार पिकलं. तिथे एकही वाक्य नाही. हिरवं पडलं की नाटक संपलं. आमच्याकडे लोक ते हिरवं पडल्याशिवाय जागचे उठत नाहीत. उठलं तर पेरणी साधत नाही म्हणतात. झोपलेल्या पोरांनाही त्या वेळी हलवून उठवतात.

सुरुवातीला कारंजाच्या दुकानात लाल, निळे आणि पिवळे कागद मिळाले, हिरवा मिळाला नाही. गुलाबसिंगने निळ्यावर पिवळा ठेवून काम भागवलं. पुढे हिरवा कागद मिळू लागला तरी त्याने तो कधी घेतला नाही. "दोन कागदाचा हिरवा जिता असते मास्तर," असं तो मला सांगायचा. पोस्टात होतो म्हणून मी त्याचा मास्तर. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतानाही तो निळ्या रंगात पिवळा कालवून हिरवा करायचा. निळा आणि पिवळा भेटले की हिरवा होणार, हे त्याच्यासाठी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. त्या दुपारपर्यंत माझ्यासाठीही होतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत कारंजाला हौशी नाटकांची स्पर्धा भरली आणि आमच्या मंडळाला पहिल्यांदा मोठ्या नाट्यगृहात नाटक करायला मिळालं. वेळ दुपारी तीनची. आम्ही पिकअपमध्ये कपड्यांची गाठोडी आणि गुलाबसिंगचे आठ डबे घालून दोन वाजता पोहोचलो. रंगमंच लावायला तासभर होता.

दिव्यांचं काम नाट्यगृहातल्या देवानंदकडे होतं. धनज गावचा, तिशीतला, बोलायला मोकळा. त्याने डबे पाहिले, एका डब्याची वायर बोटाने उचलली आणि हसला.

"काका, हे आत नाई लावता येत. उघड्या वायरी हायेत. नाट्यगृहाचा नियम हाये."

"चाळीस वर्षं झाले लावून राह्यलो, बापू."

"म्हनूनच तं. डब्याचं वय झालं." मग त्याचा सूर मऊ झाला. "घाबरू नका. वर आमचे दिवे हायेत. कोनता रंग पायजे?"

"हिरवा. शेवटी पडद्यावर."

देवानंदने मान खाजवली. वरच्या नळीवर दिव्यांच्या दोन रांगा होत्या, एक पिवळी आणि एक निळी. तीन दिवसांच्या स्पर्धेसाठी सगळ्या मंडळांना तेवढेच रंग ठरले होते. ते दिवे वीस फुटांवर होते आणि दोन नाटकांच्या मधल्या वेळात तिथे चढायला परवानगी नव्हती.

मी घड्याळ पाहिलं. गुलाबसिंगच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं.

"निळा हाये, पिवळा हाये. मंग हिरवा कुठं दूर हाये? दोनी रांगा एकदम सोड पडद्यावर."

देवानंद मागच्या खोलीत दिवे कमी-जास्त करायच्या बटणांच्या पाटीवर जाऊन बसला. दारं लावली आणि अंधार झाला. आम्ही सगळे पडद्याकडे तोंड करून उभे राहिलो. पिवळी रांग लागली, पडदा पिवळा झाला. तिच्यावर निळी रांग चढत गेली. पिवळा रंग फिकट होऊ लागला आणि मी हिरव्याची वाट पाहत राहिलो. पडदा पांढरा झाला. दुपारच्या उन्हासारखा मळकट पांढरा.

मग रुपाबाईचा आवाज आला, "हिरवं कुठं गेलं वो?"

"देवानंद, निळा वाढव," गुलाबसिंग ओरडला. निळा वाढला तशी पडद्यावर निळसर झाक आली. पिवळा वाढवला तशी पिवळसर आली. मधे फक्त पांढरं. हिरव्याचा ठिपकाही नाही.

नाटकातल्या म्हातारीचं काम करणारी निता, गुलाबसिंगची सून, पांढरं लुगडं नेसून तयार होती. ती म्हणाली, "मामाजी, हिरवं नसन तं नाटक संपलं हे लोकाइले समजन कसं? मी तं नुसती उभी राह्यतो तिथं."

ती बरोबर बोलत होती. शेवटाला शब्दच नव्हते. मी वहीत पाहिलं, जणू एखादं वाक्य सापडेल. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: हिरवं पडतं.

गुलाबसिंग रंगमंचाच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून पडद्यासमोर उभा राहिला. आधी वाटलं, त्याचं डोकं फिरलं. मग तो म्हणाला, "मास्तर, इकडे या. माही सावली पाहा."

मी गेलो. पडद्यावर त्याच्या एकाच हाताच्या दोन सावल्या पडल्या होत्या, एक निळी आणि एक पिवळी. बाकी पडदा पांढरा.

"ही सावली निळी काहून?" त्याने मला विचारलं. मग तो स्वतःशीच बोलू लागला, भराभर. "इथं माह्या हातानं पिवळा दिवा अडोला. म्हनून निळा एकटा उरला. तिथं निळा अडोला, तं पिवळा उरला. म्हंजे दोघं अलग अलग येऊन राह्यले, अन् पडद्यावर बेरीज होऊन राह्यली. माह्या डब्यात बेरीज नव्हती होत."

"मग काय व्हायचं?"

"वजाबाकी," तो म्हणाला. त्याच्या आवाजाला एकदम धार आली होती. "मास्तर, कागद रंग देत नाई. कागद रंग खाते. दिवा तं पांढराच हाये, त्यात सारेच रंग हायेत. पिवळा कागद निळं खाते. लाल अन् हिरवं जाऊ देते. निळा कागद लाल खाते. निळं जाऊ देते, अन् त्याच्यासंगं थोडंसं हिरवं बी सुटते. एकाच दिव्यावर दोनी कागद ठेवले तं एकानं निळं खाल्लं, दुसऱ्यानं लाल खाल्लं. दोघाइच्या तावडीतून वाचलं कोन?"

"हिरवं," मी म्हणालो.

"अन् इथं? पिवळ्या दिव्यातून लाल-हिरवं आलं, निळ्यातून निळं आलं. कोनी कोनाचं खाल्लं नाई. सारे पाव्हने एका पंगतीत बसले, झालं पांढरं."

मी शाळेत असताना इंद्रधनुष्याचे सात रंग पाठ केले होते. त्या पाठाचा उपयोग मला पंचावन्न वर्षांनी, अंधाऱ्या रंगमंचावर झाला. पण घड्याळात अडीच वाजले होते आणि पडदा पांढराच होता.

गुलाबसिंगने खिशातून जिलेटीनचे कागद काढले. पिवळे दोनच होते, ताटाएवढे. वरच्या सहा निळ्या दिव्यांना ते पुरले नसते आणि वर चढताही येत नव्हतं. त्याने देवानंदला पिवळी रांग बंद करायला सांगितलं. पडदा निळा झाला. मग त्याने पिवळा कागद आपल्याच डोळ्यांसमोर धरला आणि तसाच पडद्याकडे पाहत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने कागद माझ्या डोळ्यांसमोर आणला. पडदा हिरवा होता. गडद, ओल्या तुरीसारखा हिरवा. कागद बाजूला केला, निळा. पुन्हा धरला, हिरवा.

"कागद दिव्यापाशीच पायजे असं नाई," तो म्हणाला. "मधात कुठंबी चालते. डोळ्यापाशी बी चालते."

देवानंद आता पाटी सोडून खाली आला होता. त्यानेही कागदातून पाहिलं आणि नियम विसरून हसला. "काका, सहाशे खुर्च्या हायेत. सहाशे चष्मे आना मंग."

"तुह्या नाट्यगृहाच्या नियमात बसते का ते?" गुलाबसिंग म्हणाला, पण त्याचं लक्ष तिथे नव्हतं. तो पुटपुटत होता, "दिव्यापाशी नाई, डोळ्यापाशी नाई. मधात. मधात काय हाये? मधात पडदा हाये."

एवढ्यात रुपाबाई विंगेतून बाहेर आली. बाकीच्या बायांसाठी कपडे बाहेर काढायला तिने एक गाठोडं सोडलं होतं आणि त्याचं फडकं तिच्या खांद्यावर होतं. नाटकाचे कपडे वर्षभर पेटीत राहतात, त्यांना कसर लागू नये म्हणून ती गाठोड्यांची फडकी दर वर्षी हळदीच्या पाण्यात उकळते. आमच्याकडे हळदीला तोटा नाही. ती निळ्या उजेडात चालत आली आणि निता ओरडली, "आत्याबाई, तुमच्या खांद्यावर काय हाये?"

रुपाबाईने खांद्याकडे पाहिलं आणि दचकून फडकं खाली टाकलं. बहुतेक तिला साप वाटला असावा. रंगमंचावर पडलेलं ते हळदीचं फडकं हिरवं दिसत होतं.

गुलाबसिंग गुडघ्यावर बसला. त्याने फडक्यावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "हळद बी निळं खाते," तो हळू म्हणाला. "निळ्या दिव्यातून निळं येते अन् थोडंसं हिरवं येते. हळद निळं खाऊन टाकते. परत फिरते ते हिरवंच." मग तो उठला आणि एवढ्या मोठ्याने बोलला की मी वही खाली पाडली. "रुपा, गाठोडे किती हायेत?"

"नऊ. काहून?"

"सोड सारे."

"अन् कपडे कुठं ठेवू, तुमच्या डोक्यावर?"

"जमिनीवर ठेव. पडद्याले लुगडं नेसवायचं हाये."

पुढची वीस मिनिटं मला नीट आठवत नाहीत. नऊ फडकी जमिनीवर पसरली. सुई एकच होती, ती रुपाबाईने घेतली. बाकी सगळ्यांनी पिना शोधल्या. नटांनी धोतराच्या पिना काढून दिल्या, एकाने कमरेला हाताने धोतर धरून ठेवलं. निताने पदराची पिन दिली. देवानंदने खोलीतून कागद लावायच्या चापांचा डबा आणला आणि स्वतःच शिडीवर चढून मागच्या दोरीला फडकी लावू लागला. पडद्याची दोरी दहा फुटांवर होती, तिथे चढायला बंदी नव्हती. सगळी फडकी सारखी पिवळी नव्हती. जुनी फिकट, नवी झगझगीत, दोन फडक्यांवर गेल्या वर्षीचे तेलाचे डाग. मी विचारलं, हे डाग दिसतील का. रुपाबाई दातात दोरा धरून म्हणाली, "शेतात बी सारं पीक सारखं कुठं येते मास्तर."

तीनला सात मिनिटं असताना देवानंद पाटीवर गेला. गुलाबसिंगने त्याला बजावलं, "सुरुवातीपासून पिवळीच रांग ठेव. पिवळ्या कापडावर पिवळा उजेड, म्हंजे वाळलेलं रान. शेवटी पिवळी उतरव अन् निळी चढव. पन पिवळी पुरी विझली पायजे. थोडीबी राह्यली तं तिच्यातलं लाल फडक्यावरून परत येईन, अन् हिरवं मळन."

"पिवळी पुरी बंद," देवानंद म्हणाला. "काका, तुमीच बसा ना माह्या बाजूले."

गुलाबसिंगने मान हलवली. तो माझ्याजवळ विंगेत बसला. पिवळा कागद त्याने हातातून सोडला नव्हता.

नाटक सुरू झालं. मला दोनदा वाक्यं सांगावी लागली, त्यातलं एक चुकीचं सांगितलं, ते कुणाला कळलं नसावं. मागे रान वाळलेलं होतं, अगदी आमच्या शिवारातल्या चैत्रासारखं. बाया खोदत होत्या. प्रेक्षक शांत होते, पण ती शांतता चांगली की वाईट हे विंगेतून समजत नाही.

शेवटचं दृश्य आलं. निता पडद्यासमोर पाठमोरी उभी राहिली, पांढऱ्या लुगड्यात. बाया बाजूला झाल्या. मी वही मिटली, कारण पुढे सांगायला काही नव्हतं.

पिवळा उजेड उतरू लागला आणि निळा चढू लागला. फडक्यांचा पिवळा रंग आधी पोपटी झाला. सारखा नाही, नवी फडकी आधी, जुनी मागून, जसं एकेक वाफा उगवून यावा तसं. मग पिवळी रांग पूर्ण विझली आणि सगळं शिवार हिरवं झालं, तेलाच्या डागांसकट. ते डाग झाडांच्या सावलीसारखे दिसत होते.

मी गुलाबसिंगकडे पाहिलं, तर तो पडद्याकडे पाहत नव्हता. तो निताकडे पाहत होता.

तिचं पांढरं लुगडं निळं झालं होतं. आमच्यातल्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पांढरं कापड काहीच खात नाही, जे येईल ते परत करतं. निळ्या दिव्याखाली ते निळंच दिसणार. गुलाबसिंगच्या डब्यांतून यायचा तो आधीच हिरवा झालेला उजेड, म्हणून इतकी वर्षं शेवटी म्हातारीही हिरवी व्हायची. आज हिरव्या शिवाराच्या मधोमध ती निळी उभी होती, खालपासून वरपर्यंत, आणि धाप लागल्यामुळे तिचा पदर हलत होता.

"मास्तर," गुलाबसिंग माझ्या कानाशी कुजबुजला, "पानी लागलं."

प्रेक्षकांत मागे कुठेतरी किन्हीराजाहून आलेली आमची माणसं बसली होती. त्यांतल्या एका बाईने नेहमीच्या सवयीने शेजारच्या पोराला उठवलं असावं, कारण त्या शांततेत एक बारीक आवाज आला, "आजी, हे पानी कुठून आनलं?" मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

पडदा पडल्यावर परीक्षकांपैकी एक गृहस्थ मागे आले आणि देवानंदला विचारू लागले, शेवटी हिरवा दिवा कोणता वापरला, यादीत तर हिरवा नाही. देवानंदने गुलाबसिंगकडे बोट दाखवलं. "यायले विचारा. मी नुसती पिवळी बंद केली."

गुलाबसिंग लाजला. एवढं सगळं सांगायचं तर कुठून सुरुवात करावी हे त्याला कळेना. शेवटी त्याने हातातला पिवळा कागद त्या गृहस्थांच्या हातात दिला आणि अजून चालू असलेल्या वरच्या निळ्या दिव्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "याच्यातून पाहा साहेब." ते पाहत राहिले. कागद त्यांनी परत दिला नाही, आणि गुलाबसिंगने मागितला नाही.

प्रकाशयोजनेचं पारितोषिक आम्हाला मिळालं. ते मंडळाच्या कपाटात आहे, ज्यांना पाहायचं त्यांनी पाहावं. त्यावर गुलाबसिंगच्या नावाच्या आधी 'श्री.' लिहिलं आहे, ते तो सगळ्यांना वाचून दाखवतो.

त्या संध्याकाळी पिकअप भरायची होती आणि कपडे रंगमंचभर पसरलेले होते. गुलाबसिंग अजून देवानंदला हातवारे करून सांगत होता, कुठला कागद काय खातो. रुपाबाई कमरेवर हात ठेवून पडद्याखाली उभी राहिली.

"झालं का तुमचं शिवार पिकून? तं काढा आता माहे फडके. कपडे बांधायचे हायेत."

आम्ही पिना काढल्या. नाट्यगृहाचे नेहमीचे पांढरे दिवे लागले होते आणि फडकी पुन्हा पिवळी झाली होती. रुपाबाईने एकेक झटकून पसरलं, त्यात निताचं पांढरं लुगडं घडी करून ठेवलं आणि गाठ मारली.